दर महिन्याला कापली जाणारी ती अनोळखी रक्कम: नाव सोडा, तारीख धरा

बँकेचं स्टेटमेंट वाचताना आपली नजर मोठ्या आकड्यांवर असते. घराचा हप्ता बरोबर गेला, विमा गेला, वीजबिल गेलं, की पान मिटतं. या मोठ्या आकड्यांच्या मध्ये कधीकधी एक ओळ अशी असते की रक्कम अगदी किरकोळ आणि नाव अगम्य. मागच्या महिन्याचं स्टेटमेंट काढावं तर तिथेही तीच ओळ. त्याच्या मागच्या महिन्यातही.

यानंतर बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर ते नाव जसंच्या तसं इंटरनेटवर शोधतात आणि ‘हा फ्रॉड आहे, सावध राहा’ अशा निनावी इशाऱ्यांच्या गर्दीत अडकतात. नाहीतर घाबरून कार्ड ब्लॉक करतात. मला दोन्हींत घाई दिसते. अशी ठरावीक अंतराने येणारी छोटी कपात पुष्कळदा आपणच कधीतरी होकार देऊन सुरू केलेली आणि मग विसरलेली सबस्क्रिप्शन असते. ती शोधता येते, फक्त धागा दुसऱ्या टोकाने धरावा लागतो.

## त्या ओळीतलं नाव ओळखू का येत नाही

कार्डाने पैसे दिले की विक्रेत्याच्या बँकेकडून तुमच्या बँकेकडे एक संदेश जातो. त्याचा साचा जगभर साधारण सारखाच आहे. ISO 8583 हे त्या प्रमाणाचं नाव. या साच्यात विक्रेत्याचं नाव, शहर आणि देश हे सगळं मिळून ४० अक्षरांच्या एका रकान्यात बसवायचं असतं. नावाच्या वाट्याला त्यातली २२ ते २५ अक्षरं येतात. स्टेटमेंटवर दिसणाऱ्या या मजकुराला डिस्क्रिप्टर म्हणतात. त्यामुळे लांब नाव मध्येच तुटतं, शब्दांमधल्या जागा गळतात आणि सगळं मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत उरतं.

पण अक्षरांची टंचाई हे अर्धंच कारण आहे. ॲपचं नाव एक असतं आणि ते बनवणाऱ्या कंपनीचं नोंदणीकृत नाव भलतंच असतं. ओळीत बऱ्याचदा कंपनीचं नाव येतं. त्यात लहान सॉफ्टवेअर बनवणारे लोक वसुलीची कटकट स्वतः करत नाहीत. देशोदेशीचे कर भरणं, कार्डं स्वीकारणं, परतावे देणं ही कामं ते एखाद्या मध्यस्थ कंपनीकडे सोपवतात. काही मध्यस्थ तर कागदोपत्री स्वतःच विक्रेते होतात. अशा वेळी तुमच्या बँकेला दिसतो तो मध्यस्थ. कुरिअरच्या पाकिटावर कुरिअर कंपनीचा ठसा ठळक असावा आणि पाठवणाऱ्याचं नाव कोपऱ्यात अर्धवट उमटलेलं असावं, तसाच हा प्रकार आहे.

म्हणून ओळ वाचताना आधी तारा शोधा, म्हणजे * हे चिन्ह. ताऱ्याच्या आधी सहसा वसुली करणाऱ्याचं नाव किंवा त्याची आद्याक्षरं असतात आणि नंतर मूळ विक्रेत्याच्या नावाचं जे काही उरलं असेल ते. `PAYPAL *`, `GOOGLE *`, `PADDLE.NET*`, `FS *` अशा सुरुवाती याच जातीच्या. `FS *` म्हणजे फास्टस्प्रिंग, सॉफ्टवेअर विकून देणारी कंपनी. ॲपलच्या वसुलीत तारा दिसला नाही तरी `APPLE.COM/BILL` हे ठरलेलं असतं.

नावानंतर शहराचा रकाना येतो आणि लोक इथे हमखास दचकतात. ‘मी त्या देशात कधी पाऊलही ठेवलं नाही!’ ठेवायची गरजही नसते. तिथे कंपनीच्या नोंदणीचा पत्ता येतो. तुमचं कार्ड कुठे वापरलं गेलं याच्याशी त्याचा संबंध नाही. ऑनलाइन विक्रेते तर शहराच्या जागी बरेचदा ग्राहकसेवेचा फोन नंबर किंवा वेबसाइटचा पत्ता घालतात. एखादी ओळ नावाने काहीच सांगत नसेल, पण तिच्या शेपटाला दहा आकडे असतील, तर तो नंबर त्या नावापेक्षा कितीतरी उपयोगाचा आहे.

## वसुली करणारा ओळखता आला तर

मग तुमच्या मेलबॉक्सआधी त्याच्या दारात जा. या मोठ्या मध्यस्थांकडे ग्राहकाला आपला व्यवहार शोधता येईल अशी सोय असते. पॅडलने त्यासाठीच `paddle.net` ही साइट ठेवली आहे. पेपाल खात्याच्या सेटिंगमध्ये स्वयंचलित पेमेंटची वेगळी यादी असते आणि कधीकाळी परवानगी दिलेले सगळे विक्रेते तिथे दिसतात. गूगलचं `payments.google.com` आणि ॲपलचं `reportaproblem.apple.com` इथे खरेदीचा इतिहास असतो.

ॲपलच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी चकवतात. जवळपासच्या वेळी झालेल्या दोन-तीन खरेद्या कधीकधी एकाच रकमेत वसूल होतात, त्यामुळे स्टेटमेंटवरचा आकडा यादीतल्या कुठल्याच एका सबस्क्रिप्शनशी जुळत नाही; बेरीज जुळते. दुसरी गोष्ट म्हणजे कुटुंबासाठी एकत्र खातं. त्यात खरेदीची वाटणी चालू असेल तर घरातल्या कुणीही घेतलेली वस्तू कुटुंबप्रमुख म्हणून नोंदवलेल्या माणसाच्या कार्डावर येऊ शकते. तुमच्या यादीत काही सापडलं नाही म्हणजे शोध संपला असं समजू नका. आधी घरातल्या पोरांचे फोन बघा.

## नाव बोलत नसेल तर तारीख बोलते

आता अवघड ओळ घेऊ. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंच्या कार्डावर दर महिन्याला अशीच एक कपात होत होती. आधी एका अपरिचित मध्यस्थाचं नाव, मग तारा, मग पाच अक्षरं, आणि त्यांचा काही उच्चारही होईना. ती अक्षरं शोधून काहीच हाती लागलं नाही. पुढचं सगळं काम तारखेने केलं.

पहिली पायरी: पहिली कपात कधी झाली ते शोधणं. ताजी कपात तुम्हाला काहीच सांगत नाही, कारण त्या दिवशी तुम्ही काहीच केलेलं नसतं. पहिल्या कपातीच्या आसपास मात्र तुम्ही नक्की काहीतरी केलेलं असतं. बँकेच्या ॲपमध्ये साधारणपणे शेवटचे काही महिनेच चटकन दिसतात, म्हणून पूर्ण वर्षाची स्टेटमेंटं उतरवून घ्यावीत आणि त्यांत डिस्क्रिप्टरमधली सलग चार-पाच अक्षरं शोधावीत. रकमेने शोधू नये. कारण पुढे येईलच. ग्रंथपाल बाईंची सर्वांत जुनी ओळ निघाली २४ मार्च २०२५ची.

इथे एक बारकावा आहे. स्टेटमेंटवर दोन तारखा असू शकतात: व्यवहार झाला ती आणि खात्यावर नोंद झाली ती. दोन्हींत एक ते तीन दिवसांचं अंतर सहज पडतं आणि मध्ये सुट्टी आली तर हटकून पडतं. २४ मार्चला सोमवार होता. तपशील उघडल्यावर व्यवहाराची तारीख दिसली २१ मार्च, शुक्रवार. आपल्याला हवी असते ती हीच.

दुसरी पायरी: ताल ओळखणं. त्यांच्या पुढच्या कपाती २१ एप्रिल आणि २१ मे रोजी झाल्या होत्या. म्हणजे ही कॅलेंडरच्या महिन्याने चालणारी वसुली. काही सेवा ३० दिवसांचा हिशेब ठेवतात, तेव्हा तारीख मागे सरकत जाते: २१ मार्च, २० एप्रिल, २० मे, १९ जून. २८ दिवसांच्या हिशेबात ती आणखी भराभर सरकते आणि वर्षात बाराऐवजी तेरा कपाती बसतात. एखादी कपात ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३१ मार्च अशी आली तर गोंधळू नका. ती ३१ तारखेला सुरू झालेली आहे आणि लहान महिन्यात शेवटच्या दिवसावर येऊन थांबते. असा कुठलाही नियमित ताल सापडला, की मागे सबस्क्रिप्शन असल्याची शक्यता फार वाढते.

तिसरी पायरी: तिथून मागे मोजणं. ज्या सबस्क्रिप्शन आपण विसरतो त्यांतल्या बऱ्याच ‘काही दिवस मोफत’ म्हणून सुरू झालेल्या असतात. पहिली कपात मोफत मुदत संपल्यावर होते, आणि होकार दिल्याचा दिवस त्याच्याही आधी असतो. या मुदती मोजक्याच ठेवल्या जातात: ७ दिवस, १४ दिवस, ३० दिवस. २१ मार्चपासून मागे गेलं तर तीन तारखा मिळतात: १४ मार्च, ७ मार्च आणि १९ फेब्रुवारी. मोफत मुदत नसेल तर चौथी तारीख २१ मार्चच. अख्ख्या वर्षाच्या ढिगाऱ्यातून आता चार दिवस तपासायचे उरले.

कपातीच्या इतिहासात रक्कम मध्येच एकदा वाढून मग स्थिर झालेली दिसली तर सुरुवातीला सवलतीचा दर होता असं समजावं. अशा वेळी मोजणी सवलतीच्या पहिल्या ओळीपासून करायची, वाढीव रकमेपासून नाही.

## त्या चार दिवसांत काय शोधायचं

आधी मेल. जीमेलमध्ये तारखेच्या हद्दी घालून शोधता येतं. दोन्ही बाजूंना एखाद-दोन दिवस जास्तीचे ठेवावेत, कारण सर्व्हरचा दिवस आणि तुमचा दिवस एकाच वेळी बदलत नाही.

```
in:anywhere after:2025/03/05 before:2025/03/10 (trial OR receipt OR invoice OR welcome)
```

सुरुवातीचे दोन शब्द स्पॅम आणि कचऱ्याची पेटीही धुंडाळायला लावतात. पण तिथले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात, म्हणून जुन्या व्यवहाराचा मेल स्पॅममध्ये गेला असेल तर तो आता कुठेच नाही. शब्द घालून काही आलं नाही तर शब्द काढून टाका आणि त्या तारखांचे सगळेच मेल चाळा. चार दिवसांचे मेल चाळणं काही मोठं काम नाही.

मग फोनवरचे संदेश. इथे अनेकांना अपेक्षेपेक्षा जास्त मिळतं. मोफत मुदत सुरू करताना कार्ड चालू आहे का हे तपासण्यासाठी शून्य किंवा अगदी नाममात्र रकमेची परवानगी बँकेकडून घेतली जाते आणि लगेच सोडून दिली जाते. ती खात्यावर पक्की होत नाही, म्हणून स्टेटमेंटवर येत नाही. पण त्या क्षणी बँकेने ओटीपी किंवा सूचनेचा संदेश पाठवला असेल तर तो इनबॉक्समध्ये पडून असतो, आणि त्यात विक्रेत्याचं नाव बरेचदा स्टेटमेंटपेक्षा स्पष्ट लिहिलेलं असतं.

ग्रंथपाल बाईंच्या नेहमीच्या मेलबॉक्समध्ये काही निघालं नाही. ओटीपीच्या संदेशात मात्र ७ मार्चच्या दुपारी तीच पाच अक्षरं होती. म्हणजे मुदत १४ दिवसांची. आता प्रश्न सोपा झाला: ७ मार्चला दुपारी तुम्ही काय करत होतात? त्या दिवसाच्या फोटोंमध्ये जुन्या टंकलिखित कागदांचे ढीगभर फोटो होते आणि कशासाठी ते त्यांना लगेच आठवलं. त्या फोटोंतला मजकूर टाइप केल्यासारखा करून हवा होता, त्यासाठी एक ॲप घेतलं होतं, काम त्याच दिवशी संपलं होतं. ॲप नंतर काढूनही टाकलं होतं. स्वागताचा मेल गेला होता तो त्यांच्या जुन्या, आता न उघडल्या जाणाऱ्या पत्त्यावर. फोनमध्ये तो पत्ता अजून नोंदवलेला राहिला होता, एवढंच.

## ‘पण रक्कम दर महिन्याला वेगळी आहे, मग ही सबस्क्रिप्शन कशी?’

ही शंका रास्त आहे आणि याच कारणाने त्या बाई आधी फसवणुकीच्या निष्कर्षावर पोचल्या होत्या. त्यांच्या तीन महिन्यांच्या कपाती होत्या ७.८१, ७.६६ आणि ७.९७. ठरलेली किंमत अशी हलत नाही.

पण मूळ किंमत दुसऱ्या चलनात असेल तर ती तिथे स्थिर असते आणि तुमच्या खात्यावर विनिमय दराबरोबर हलते. तपासायला फक्त भागाकार लागतो. त्या-त्या दिवशीचा दर होता १.५२, १.४९ आणि १.५५. प्रत्येक रक्कम आपापल्या दराने भागली तर तिन्ही वेळा उत्तर येतं ५.१४. हलणारे तीन आकडे एकाच आकड्यावर येऊन थांबले, म्हणजे मागे एकच ठरलेली किंमत आहे. ५.१४ ही किंमत थोडी विचित्र वाटते, कारण त्यात बँकेचं परकीय व्यवहाराचं शुल्क मिसळलेलं आहे. त्यांच्या कार्डाला ते ३ टक्के होतं. १.०३ने भागलं की ४.९९ मिळतात, आणि ही मात्र किमतीसारखी किंमत आहे. आता ‘महिना ४.९९’ ही खूण घेऊन संशयित ॲपचं किमतीचं पान बघता येतं.

काही बँका हे शुल्क वेगळ्या ओळीत दाखवतात. तेव्हा एका सबस्क्रिप्शनच्या दोन ओळी दिसतात आणि दुसरी इतकी छोटी असते की ती स्वतंत्र गूढ वाटू लागते. दोन्हींची तारीख एकच आहे का ते पाहावं. तुमच्या बँकेने लावलेला दर बाजारातल्या दराशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळणार नाही, त्यामुळे भागाकारात थोडा फरक येईल. तो चालतो.

## बँकेला विचारायचं तर नेमकं काय

‘ही कपात कसली?’ असं विचारलं तर ग्राहकसेवेचा माणूस तुमच्या समोरचीच ओळ तुम्हाला वाचून दाखवतो. बँकेकडे त्यापेक्षा जास्त माहिती असते, पण ती नाव घेऊन मागावी लागते.

पहिली गोष्ट, विक्रेत्याचा वर्ग सांगणारा चार आकडी कोड, म्हणजे एमसीसी. यात ५८१५ म्हणजे पुस्तकं, चित्रपट, संगीत असा डिजिटल माल, ५८१६ म्हणजे खेळ, ५८१७ म्हणजे सॉफ्टवेअर आणि ५९६८ म्हणजे सरळसरळ सबस्क्रिप्शनवर माल विकणारे. हा कोड नाव सांगत नाही, पण ‘खेळ’ असं कळलं तरी घरात कुणाला विचारायचं ते ठरतं.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. पहिला व्यवहार ओटीपीने किंवा तशा पडताळणीने मंजूर झाला होता का, आणि नंतरचे व्यवहार विक्रेत्याने साठवलेल्या कार्डावर स्वतःहून केलेले आहेत का? या दोन्हींच्या खुणा व्यवहाराच्या संदेशात असतात. पहिल्या वेळी पडताळणी झाली असेल तर कार्ड किंवा फोन हातात असलेल्या कुणीतरी होकार दिला होता हे जवळजवळ ठरलं.

तिसरी गोष्ट एआरएन, म्हणजे त्या एका व्यवहाराला मिळालेला २३ आकडी क्रमांक. तुमच्या दृष्टीने तो निरर्थक आहे, पण विक्रेत्याला किंवा मध्यस्थाला दिला तर त्यांना नेमका तोच व्यवहार काढता येतो.

## ‘आणि खरंच फसवणूक असेल तर?’

असू शकते, आणि रक्कम छोटी आहे हा काही दिलासा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये न्यायालयात नेलेल्या एका प्रकरणात बनावट कंपन्यांच्या नावाने दहा लाखांहून जास्त कार्डांवर २० सेंट ते १० डॉलर एवढ्याच रकमा टाकल्या गेल्या होत्या. बहुतेकांनी त्याबद्दल कधी तक्रारच केली नाही. रक्कम छोटी ठेवण्यामागचा हेतू तोच होता.

फरक ओळखायला वर केलेलाच शोध कामी येतो. पहिल्या कपातीच्या आसपास मेल नाही, संदेश नाही, पडताळणी नाही, घरात कुणाला काही माहीत नाही, आणि मध्यस्थाच्या साइटवरही काही सापडत नाही, तर ही तुमची सबस्क्रिप्शन नव्हे असं धरून चाला. चोरलेलं कार्ड चालतं का ते पाहणारे लोकही छोटी रक्कम टाकून बघतात. पण तिथे ताल नसतो. एखाद-दुसरी किरकोळ ओळ येते, मग वेगळ्याच नावाने मोठी. असं काही दिसलं तर माग काढण्यात एक दिवसही घालवू नका. कार्ड लगेच बंद करा आणि बँकेत फसवणुकीची तक्रार नोंदवा.

शोधतानाही एक धोका आहे. अनोळखी डिस्क्रिप्टर शोधणारे लोक गोंधळलेले असतात हे भामट्यांना ठाऊक आहे, म्हणून त्या नावांची खोटी ‘ग्राहकसेवा’ पानं तयार केलेली सापडतात. फोन करायचाच तर स्टेटमेंटच्या ओळीत छापलेल्या किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच्या नंबरवर करावा. खऱ्या विक्रेत्याला व्यवहार शोधायला तारीख, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे पुरतात. कुणी पूर्ण नंबर, ओटीपी किंवा स्क्रीन दाखवायला सांगितलं तर फोन ठेवून द्या.

## ‘एवढी उठाठेव कशाला, कार्डच बदलून घेतो’

हा उपाय वाटतो तितका पक्का नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्हींकडे अशी व्यवस्था आहे की कार्डाचा नंबर किंवा मुदत बदलली की नवा तपशील, बँक त्यात सहभागी असेल तर, साठवलेलं कार्ड वापरणाऱ्या विक्रेत्यांपर्यंत आपोआप पोचतो. वीजबिल किंवा विमा मध्येच थकू नये हा त्यामागचा उद्देश. पण विसरलेल्या सबस्क्रिप्शनलाही त्याच दाराने नवं कार्ड सापडतं. नवं कार्ड आलं आणि दोन महिन्यांनी तीच ओळ पुन्हा उगवली, तर कुणी तुमचं नवं कार्ड चोरलं असं लगेच समजू नका.

समजा नवा नंबर पोचला नाही, तरी करार जिवंतच राहतो. वसुली अयशस्वी झाली म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द झाली असं नाही. काही सेवा पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतात, काही थकबाकी मांडतात. आणि ॲप फोनमधून काढणं हे तर रद्द करण्याच्या जवळपासही जात नाही. वसुली ॲपच्या दुकानाच्या किंवा विक्रेत्याच्या खात्यावर चालते, फोनमधल्या चित्रावर नाही.

दुसरी चूक उलट दिशेची. सबस्क्रिप्शन आपलीच होती हे कळल्यावरही ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशी तक्रार करून पैसे सोडवून घेण्याचा मोह होतो. बँक ती तक्रार विक्रेत्याकडे पाठवते, विक्रेता तुमच्या होकाराची वेळ, मेल पत्ता आणि उपकरणाची नोंद पुढे करतो आणि तक्रार पडते. शिवाय फसवणूक म्हटल्यावर बँक कार्ड बंद करते, मग त्यावर चालणारी बाकीची सगळी देणी नव्याने जोडत बसावी लागतात.

## बंद करायचं ते मुळाशी

जिथे होकार दिला तिथेच नकार द्यायचा. ॲपच्या दुकानातून घेतलं असेल तर दुकानाच्या सबस्क्रिप्शन यादीत, मध्यस्थाकडून असेल तर त्याच्या साइटवर, थेट असेल तर विक्रेत्याच्या खात्यात. बँक खात्यातून थेट कपातीचा आदेश दिलेला असेल, म्हणजे ज्याला मँडेट म्हणतात तो, तर विक्रेत्याला कळवून तो आदेश बँकेतही रद्द करावा. लॉगिन आठवत नसेल तर अडून बसायचं कारण नाही. व्यवहाराची तारीख, रक्कम आणि एआरएन देऊन विक्रेत्याला मेल लिहिला की तो मेलही लेखी नकार ठरतो. रद्द झाल्याचं उत्तर किंवा त्या पानाचा फोटो तारखेसकट जपून ठेवावा.

पैसे परत मिळतील का, हे विक्रेत्याच्या अटींवर आहे. मागायला हरकत नाही. मागताना ‘पहिल्या महिन्यानंतर एकदाही वापरलेलं नाही’ हे सांगावं, कारण त्याच्याकडे वापराची नोंद असते आणि ती तुमच्या बाजूने बोलते. व्हिसाचा एप्रिल २०२० पासूनचा एक नियमही इथे उपयोगी पडतो: मोफत किंवा सवलतीच्या मुदतीनंतर वसुली सुरू करण्याआधी विक्रेत्याने ग्राहकाला किमान ७ दिवस आधी आठवण द्यायची आहे, ऑनलाइन रद्द करण्याचा सोपा मार्ग ठेवायचा आहे आणि मुदतीनंतरच्या पहिल्या कपातीच्या ओळीत मुदत संपल्याचं सूचित करायचं आहे. आठवण आलीच नव्हती असं ठामपणे सांगता येत असेल तर ते पत्रात लिहावं. ग्रंथपाल बाईंना ते लिहिता आलं नाही. आठवण आली होती, त्या जुन्या पत्त्यावर. तरी त्यांना शेवटच्या महिन्याचे पैसे मिळाले, आधीचे नाहीत.

नकार दिल्यानंतरच्या पुढच्या तारखेवर लक्ष ठेवा. त्यांच्या बाबतीत ती पुढची २१ होती, आणि नोंद उशिरा होऊ शकते म्हणून २५ तारखेपर्यंत पाहायची. रद्द केल्यानंतरही कपात झाली, तर आता तुमची बाजू भक्कम आहे. बँकेत तक्रार करताना ‘फसवणूक’ म्हणू नका. ‘रद्द केलेली नियमित वसुली’ म्हणा. व्हिसाच्या नियमांत या तक्रारीला १३.२ हा स्वतंत्र क्रमांकच आहे, आणि तिच्यासोबत जोडायचा पुरावा म्हणजे जपून ठेवलेलं तेच रद्द झाल्याचं पान. नकाराच्या आधीच्या कपाती या तक्रारीत घालू नयेत. त्या घातल्या की खऱ्या मुद्द्याचीही तपासणी रेंगाळते.